बी.कॉम.च्या वर्गासाठी पगारदाराच्या प्राप्तिकराची वर्कशीट: जुनी-नवी करप्रणाली एकाच कागदावर की वेगळी?

खतावणी

तृतीय वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष कर शिकवते. दिवाळीनंतरच्या सत्रात पगाराचं प्रकरण संपलं की एक मोठं उदाहरण पूर्ण सोडवून घ्यायचं, अशी माझी पद्धत आहे. पगारापासून सेसपर्यंत सगळं एका कागदावर. यंदा आकारणी वर्ष २०२६-२७ धरून नवं उदाहरण केलंय. मंडळी, जरा डोळ्याखालून घाला.

पुण्यातला एक नोकरदार, वय ४१. मूळ वेतन महिना ६०,०००. महागाई भत्ता १०,०००, तो निवृत्तिलाभात धरला जातो. घरभाडे भत्ता २०,०००, प्रत्यक्ष भाडं २२,०००. वाहतूक भत्ता १,६००. वर्षाचा बोनस ६०,०००. पगारातून व्यवसाय कर २,५०० कापलाय. भविष्य निर्वाह निधीत स्वतःचे १२ टक्के, म्हणजे १,००,८००. एलआयसीचा हप्ता ३०,०००, पॉलिसी २०१८ची, विमा रक्कम अडीच लाख. दोन मुलांची शिकवणी फी, म्हणजे शाळेची ट्यूशन फी, ३६,०००. कुटुंबाचा मेडिक्लेम २२,००० चेकने, शिवाय प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रोख. ७२ वर्षांच्या आईवडिलांचा मेडिक्लेम ३८,०००. बचत खात्याचं व्याज ८,०००, मुदत ठेवीचं १८,०००.

माझं उत्तर: जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ७,३१,७०० आणि कर ६१,१९०. नव्या प्रणालीत उत्पन्न ११,१०,२०० आणि कर शून्य.

प्रश्न असा की, दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी दोन रकान्यांत द्याव्यात की दोन वेगळे कागद द्यावेत? दोन रकाने दिले की मुलं डावीकडचा आकडा उजवीकडे उतरवतात. दोन कागद दिले की दुसरा कोरा येतो.

---

झोलर_पण_प्रेमळ

मॅडम, फी तुमच्या क्लासची असती तर ८०सीत बसली नसती, एवढं मात्र मुलांना नक्की सांगा.

---

खतावणी

@झोलर, मी कॉलेजात आहे हो. खासगी क्लासची फी चालत नाही हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मग आमच्या क्लासवाल्या सरांनी पावती का दिली?"

---

पगारदार_पामर

एवढा खटाटोप कशाला? १२ लाखांपर्यंत करच नाही, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. नव्या प्रणालीत स्लॅबच लावायचे नाहीत, थेट शून्य लिहायचं. मुलांना स्लॅबचं कोष्टक पाठ करायला लावणं म्हणजे छळ आहे.

---

सरळव्याज

पामरराव, स्लॅब लावायचेच. १२ लाखांपर्यंत कर "नाही" असं कुठेही नाही. करमुक्त मर्यादा ४ लाखांची. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के. मॅडमच्या उदाहरणात हे २०,००० आणि ३१,०२० मिळून ५१,०२० होतात, आणि मग कलम ८७एची सूट तो कर पुसून टाकते. सूट जास्तीत जास्त ६०,०००ची. कागदावर ५१,०२० दिसलेच पाहिजेत आणि त्याखाली वजा ५१,०२० दिसलं पाहिजे. परीक्षक त्या दोन ओळींचे गुण देतो, शून्याचे नाही.

फरक कुठे पडतो ते सांगतो. याच माणसाला शेअरवर अल्पकालीन नफा झाला असता तर त्यावरचा २० टक्के कर या सुटीत पुसला गेला नसता. "१२ लाखांपर्यंत शून्य" असं पाठ केलेला मुलगा तिथे हमखास आपटतो.

---

पगारदार_पामर

अरे हो. माझ्या मेहुण्याला हेच झालं. पगार साडेनऊ, शेअरमध्ये थोडे कमावले, आणि रिटर्न भरताना म्हणाला, "शून्य म्हणाले होते ना?" कोण म्हणालं होतं ते मी घरी सांगितलं नाही.

---

अण्णा_मिरजकर

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त. मला पेन्शन मिळते आणि मुदत ठेवींचं व्याज आहे. फॉर्म १६ बँकेकडून मिळतो. तरी ही वर्कशीट मला कुठे मिळेल? आणि मला ८०टीटीए लागू की आणखी काही? वय ६८.

---

सरळव्याज

अण्णा, ही वर्कशीट मुलांच्या अभ्यासाची आहे, रिटर्नची नाही. तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. ज्येष्ठ नागरिकाला ८०टीटीए नाही, ८०टीटीबी आहे. त्यात मुदत ठेवीचं व्याजही येतं आणि मर्यादा ५०,०००ची. पण फक्त जुन्या प्रणालीत. पेन्शनवर प्रमाणित वजावट मात्र तुम्हालाही मिळते, दोन्हीकडे.

---

अण्णा_मिरजकर

आभारी आहे. मग जुनी बरी की नवी?

---

झोलर_पण_प्रेमळ

अण्णा, या प्रश्नावर तीन धागे निघून बंद पडलेत.

---

विदर्भकन्या

मी नागपूरला हाच विषय घेते. खतावणीताई, दोन रकाने द्या, पण रकाने अगदी पहिल्या ओळीपासून सुरू करा. बहुतेक पुस्तकांत जुन्या प्रणालीने एकूण उत्पन्न काढतात आणि शेवटी "नव्या प्रणालीनुसार" म्हणून चार ओळी जोडतात. त्यामुळे मुलांना वाटतं, फरक फक्त तळाशी आहे. ती काय करतात? ढोबळ एकूण उत्पन्न ९,५२,७०० घेतात, ८०सी वगैरे वजा करत नाहीत आणि त्यालाच नवे स्लॅब लावतात. घरभाडे भत्त्याची १,८०,०००ची करमाफी तशीच राहते. व्यवसाय कराचे २,५०० तसेच राहतात. प्रमाणित वजावट ५०,००० तशीच राहते, ७५,००० होत नाही.

म्हणजे फरक सुरू होतो पगाराच्या आतच, घरभाडे भत्त्याच्या ओळीपासून. रकाना तिथूनच फुटला पाहिजे.

---

एक्सेलवाला

मी शीट बनवून देऊ का? नव्या स्लॅबची एक गंमत आहे. ४, ८, १२, १६, २०, २४ लाख, आणि प्रत्येक पायरीला दर फक्त ५ टक्क्यांनी चढतो. त्यामुळे एका ओळीत काम होतं. B20 मध्ये करपात्र उत्पन्न ठेवा:

```
=SUMPRODUCT((B20>{400000,800000,1200000,1600000,2000000,2400000})*(B20-{400000,800000,1200000,1600000,2000000,2400000})*5%)
```

---

हिशेबनीस

परीक्षेला एक्सेल नसतं हो. पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. मी पेपर तपासतो. फॉर्म्युलाच्या उत्तराला पायऱ्यांचे गुण कसे देऊ?

---

एक्सेलवाला

पेननेही होतं की. ११,१०,२०० मधून ४ लाख काढा, ७,१०,२०० उरले. ८ लाख काढा, ३,१०,२०० उरले. दोन्हींची बेरीज १०,२०,४००, त्याचे ५ टक्के ५१,०२०. कोष्टकाचं उत्तर बरोबर आलं का, हे याने दहा सेकंदांत कळतं. उत्तरपत्रिकेत नका लिहू, समासात लिहा.

---

खतावणी

हे मस्त आहे, वर्गात सांगते. जुन्या प्रणालीत चालणार नाही ना? तिथे ५ वरून थेट २० वर उडी आहे.

---

एक्सेलवाला

चालतं, फक्त वाढीचे दर सारखे नाहीत: ५, मग १५, मग १०. पण मुलांना ते गोंधळात टाकेल. तिथे सरळ कोष्टकच बरं.

---

हिशेबनीस

कोष्टकाबद्दल माझा एक हट्ट आहे. चार रकाने हवेत: स्लॅब, त्या स्लॅबमध्ये पडलेली रक्कम, दर, कर. आणि दुसऱ्या रकान्याची बेरीज करपात्र उत्पन्नाएवढी आली पाहिजे. २,५०,००० अधिक २,५०,००० अधिक २,३१,७०० म्हणजे ७,३१,७००. ही बेरीज मुलं करतच नाहीत. मग कुणी सगळ्या ७,३१,७००वर २० टक्के लावून १,४६,३४० काढतो, कुणी अडीच लाख वजा करून उरलेल्या सगळ्यावर २० टक्के लावतो. "माणूस २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेला" असं घरी आईवडील बोलतात ना, त्याचा हा परिणाम. माणूस जात नाही, रकमेचा तुकडा जातो.

आता मॅडमच्या मूळ प्रश्नावर: माझ्या मते दोन वेगळे कागद. दोन रकान्यांत शाई एकमेकांत जाते.

---

नुकतीच_पास

मी मागच्या वर्षी हा पेपर दिलाय. सर, दोन कागद दिले तर दुसऱ्यावर आम्ही "वरीलप्रमाणे" लिहून पुढे जातो. खरं सांगतेय.

---

सरळव्याज

मॅडम, रकान्यांचा वाद बाजूला ठेवून तुमच्या आकड्यांबद्दल बोलतो. उदाहरणात तुम्ही छान सापळे पेरलेत. वाहतूक भत्ता जुन्या पुस्तकातल्याप्रमाणे करमुक्त धरणारा मुलगा सापडेल. अपंग कर्मचारी सोडले तर तो आता पूर्ण करपात्र आहे. मुदत ठेवीचं व्याज ८०टीटीएत घुसवून ८,०००ऐवजी १०,००० घेणाराही सापडेल. मेडिक्लेमचे २७,००० घेणारा सापडेल, कारण तपासणीचे ५,००० रोख चालले तरी मर्यादा २५,०००चीच.

पण दोन सापळे बंदच होत नाहीत.

पहिला एलआयसीचा. पॉलिसी १ एप्रिल २०१२ नंतरची, म्हणून विमा रकमेच्या १० टक्के, २५,०००च धरायचे, ३०,००० नाही. बरोबर. पण निधी १,००,८००, एलआयसी २५,००० आणि फी ३६,००० मिळून १,६१,८०० होतात. चुकणारा १,६६,८०० करतो. दोघेही दीड लाखावर येऊन थांबतात आणि दोघांचं अंतिम उत्तर एकच येतं. ज्याने विमा रकमेकडे पाहिलंच नाही, त्यालाही तुम्ही उत्तराचे गुण देणार.

दुसरा सापळा मोठा. विदर्भकन्या यांनी सांगितलेली चूक, ९,५२,७००ला नवे स्लॅब लावण्याची. त्यावर कर काय येतो? काहीतरी येतो आणि ८७एने पुसला जातो. शून्य! बरोबर उत्तरही शून्यच. म्हणजे पावणेदोन लाखांवर घरभाडे भत्ता विसरलेला मुलगाही उत्तर जुळलं म्हणून खुशीत घरी जाणार. मर्यादा आणि सूट ही दोन्ही चूक गिळून टाकतात. आकडे असे निवडा की चुकणाऱ्याचं उत्तर वेगळं आलंच पाहिजे.

---

खतावणी

हे माझ्या लक्षात येण्यासारखं होतं, पण बाहेरच्या डोळ्यांनी पटकन दिसलं. मग काय बदलू?

---

सरळव्याज

दोनच आकडे. फी ३६,०००ऐवजी २०,००० करा. मग ८०सी १,४५,८०० होतं, मर्यादेच्या खाली राहतं, आणि चुकणारा १,५०,०००वर जातो. बोनस ६०,०००ऐवजी १,६०,००० करा. बाकी काही हलवू नका.

---

पगारदार_पामर

बोनस वाढवून काय होणार? पगार होतो १२,५९,२००. तो १२,७५,०००च्या आतच आहे. म्हणजे पुन्हा शून्य. सापळा परत मोडला, सरळव्याजसाहेब. 😎

---

झोलर_पण_प्रेमळ

बसा आता. *खुर्ची ओढून बसतो*

---

सरळव्याज

पामरराव, तुम्हीच सापळ्यात पाय घातलात, आणि मी तो तुमच्यासाठी लावला नव्हता. :)

पावणेतेरा लाख ही गोष्ट फक्त पगार असणाऱ्याची. १२ लाख अधिक प्रमाणित वजावट ७५,०००. सूट ठरते ती एकूण उत्पन्नावर, पगारावर नाही. १२,५९,२०० मधून ७५,००० गेले, ११,८४,२०० उरले. इथपर्यंत तुमचं बरोबर. आता बचत खात्याचे ८,००० आणि मुदत ठेवीचे १८,००० मिळवा. १२,१०,२००. बारा लाखांच्या वर १०,२००. ८०टीटीए नव्या प्रणालीत नाही, त्यामुळे बचतीचे ८,०००ही सुटत नाहीत.

---

पगारदार_पामर

च्यायला. म्हणजे २६,०००च्या व्याजासाठी ६१,५३० रुपये कर? त्यापेक्षा ठेव मोडून टाकलेली बरी. माझ्या ऑफिसात एकजण खरंच बोनस पुढच्या वर्षी द्या म्हणून मागे लागला होता.

---

विदर्भकन्या

६१,५३० भरावे लागत नाहीत. सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेत नाहीत. उत्पन्न १०,२०० वर, तर कर १०,२००वर थांबतो. सवलत ५१,३३०. मग ४ टक्के सेस ४०८, एकूण १०,६०८, दहाच्या पटीत १०,६१०.

सेस सवलतीनंतर, हे वर्कशीटवर मोठ्या अक्षरांत लिहा. निम्मी मुलं ६१,५३०वर सेस काढून मग सवलत वजा करतात.

---

पगारदार_पामर

मग ठीक आहे. ठेव राहू दे. पण असं कुठपर्यंत चालतं?

---

एक्सेलवाला

जिथे वरची रक्कम आणि कर सारखे होतात तिथपर्यंत. बारा लाखांवर कर ६०,००० आणि त्यापुढे १५ टक्के. वरची रक्कम साधारण ७०,५८८ झाली की सवलत संपते. म्हणजे एकूण उत्पन्न १२,७०,५८८च्या आसपास. तोपर्यंत वाढलेला प्रत्येक रुपया सरकारचा, वर सेस तुमच्या खिशातून.

---

झोलर_पण_प्रेमळ

म्हणजे त्या पट्ट्यात पगारवाढ मागणं ही देशसेवा.

---

अण्णा_मिरजकर

पामर यांनी बोनस पुढच्या वर्षी घ्यावा असं कोणी म्हणालं का? आमच्या वेळी बोनस ज्या वर्षी हातात पडेल त्या वर्षी धरायचे.

---

सरळव्याज

अण्णा, नियम बऱ्याच अंशी तसाच आहे. पगार देय झाला किंवा मिळाला, यातलं जे आधी ते वर्ष. आणि देय होऊन गेलेला बोनस "पुढच्या वर्षी द्या" म्हटल्याने पुढे सरकत नाही.

---

हिशेबनीस

घरभाडे भत्त्याबद्दल एक शंका काढून ठेवतो. मॅडमनी १,८०,००० करमाफ धरलंय. पुणे, म्हणून ४० टक्के. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ८,४०,०००, त्याचे ४० टक्के ३,३६,०००. मिळालेला भत्ता २,४०,०००. भाडं २,६४,००० वजा ८४,००० म्हणजे १,८०,०००. सर्वांत कमी १,८०,०००. इथेही ४० की ५० टक्के याने उत्तर बदलत नाही. मुंबई लिहिलं असतं तरी १,८०,०००च. सरळव्याज, हा तिसरा न बंद होणारा सापळा नाही का?

---

सरळव्याज

बरोबर पकडलंत. पण तो मी सोडून देईन. पगारदाराच्या खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा भाडं वजा १० टक्के हाच आकडा सर्वांत लहान येतो. शहराचा प्रश्न चावावा असं हवं असेल तर भत्ता आणि भाडं दोन्ही बरीच वर न्यावी लागतील, मग माणूस पुण्यात पगाराच्या निम्मं भाडं देतोय असं चित्र होईल.

---

नुकतीच_पास

कोथरूडला शोधा, मिळेल असा माणूस.

---

विदर्भकन्या

त्यापेक्षा मी वर्गात एक बदल करते. भाडं ऑक्टोबरपासून वाढवते. मग मुलांना वर्षाचा एकच हिशेब करता येत नाही, सहा-सहा महिन्यांचे दोन तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्यातला सर्वांत लहान आकडा घ्यावा लागतो. पगार किंवा भाडं मध्येच बदललं की वर्षाच्या बेरजेवर नियम लावायचा नाही, हे एकदा हातातून गेलं की विसरत नाहीत. पण खतावणीताईंच्या उदाहरणात तेही घातलं तर कागद पुरणार नाही.

---

खतावणी

नाही, ते वेगळ्या उदाहरणात. दोन आकडे बदलून पुन्हा काढलंय. तपासा.

जुनी प्रणाली. मूळ वेतन ७,२०,०००, महागाई भत्ता १,२०,०००, करपात्र घरभाडे भत्ता ६०,०००, वाहतूक १९,२००, बोनस १,६०,०००. एकूण पगार १०,७९,२००. प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा जाता १०,२६,७००. व्याज २६,००० मिळवून ढोबळ एकूण उत्पन्न १०,५२,७००. वजावटी: ८०सी १,४५,८००, ८०डी ६३,०००, ८०टीटीए ८,०००, मिळून २,१६,८००. करपात्र उत्पन्न ८,३५,९००. कर शून्य, १२,५०० आणि ६७,१८०, मिळून ७९,६८०. सेससह ८२,८६७.२०, म्हणजे ८२,८७०.

नवी प्रणाली. एकूण पगार १२,५९,२००, वजा ७५,०००, अधिक २६,०००, करपात्र उत्पन्न १२,१०,२००. कर ६१,५३०, सीमांत सवलत ५१,३३०, उरले १०,२००, सेससह १०,६१०.

आता चुकणाऱ्यांचे आकडे. एलआयसी ३०,००० धरणाऱ्याचं करपात्र उत्पन्न ८,३१,७०० येतं आणि कर ८१,९९०. पगाराच्या आतला फरक विसरणारा नव्या प्रणालीत १०,५२,७०० घेतो आणि शून्य लिहितो. पामरदादांसारखा व्याज विसरणाराही शून्य लिहितो. म्हणजे नव्या प्रणालीत शून्य दिसलं की तो कागद मी आधी उचलणार.

---

पगारदार_पामर

माझं नाव चुकीच्या प्रकाराला पडलेलं पाहून धन्य झालो.

---

एक्सेलवाला

आकडे जुळले. दोन्ही प्रणालींचा ताळाही बसतो. जुन्या ढोबळ उत्पन्नात, १०,५२,७०० मध्ये, घरभाड्याचे १,८०,००० आणि व्यवसाय कराचे २,५०० मिळवा, प्रमाणित वजावटीतले जादा २५,००० काढा. १२,१०,२००. हा ताळा वर्कशीटच्या तळाशी एक ओळ म्हणून दिला तर दोन कागद की दोन रकाने हा वादच मिटतो, कारण मुलांना दोन्ही एकमेकांशी जोडावी लागतात.

---

हिशेबनीस

वाद मिटत नाही, पण ताळ्याची ओळ मला आवडली. दोन कागद आणि दुसऱ्याच्या तळाशी ताळा.

---

विदर्भकन्या

दोन रकाने आणि तळाशी ताळा. 🙂

---

नुकतीच_पास

एक विचारू? आमच्या पेपरात पगार, निधी, मेडिक्लेम सगळं दिलेलं, पण कोणत्या प्रणालीने काढायचं ते दिलंच नव्हतं. मी जुन्या पद्धतीने काढलं. मैत्रिणीने नव्या. दोघींना वेगवेगळे गुण पडले आणि कारण कुणीच सांगितलं नाही.

---

हिशेबनीस

आकारणी वर्ष २०२४-२५पासून नवी प्रणाली हीच मूळ धरलेली आहे. प्रश्नात काही नसेल तर कायद्याने नवी. मी तेच बरोबर धरतो.

---

सरळव्याज

कायद्याने बरोबर. पण पेपर काढणाऱ्याने दहा ओळी ८०सी आणि ८०डीच्या दिल्या असतील तर त्या काय शोभेला दिल्यात? अशा प्रश्नात त्याला जुनीच हवी असते, लिहायचं विसरलेला असतो. मी असतो तर जुनी पूर्ण सोडवून, वर एक ओळ गृहीतक लिहून, नव्याने थोडक्यात दाखवली असती.

---

हिशेबनीस

आणि तीन तासांच्या पेपरात वेळ कुठून आणणार? गृहीतक लिहिलेलं असेल तर मी दोन्ही तपासतो, पण सगळे तपासत नाहीत, हे खरं. पगारदाराला रिटर्न मुदतीत भरताना दरवर्षी निवडता येतं, म्हणजे प्रत्यक्षात दोन्ही बरोबर. परीक्षेत एकच उत्तर हवं असतं, ते कोणतं हे पेपरावर लिहिण्याची जबाबदारी पेपर काढणाऱ्याची.

---

विदर्भकन्या

आमच्याकडे यावर अभ्यास मंडळाला पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही.

---

अण्णा_मिरजकर

एक सुचवतो. मी बँकेत होतो म्हणून. व्यवसाय कर २,५०० हा आकडा मुलांना देऊ नका, महिन्याचा द्या. महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. बारा दुणे चोवीस करून २,४०० लिहिणारे पुष्कळ निघतील.

---

सरळव्याज

अण्णा, हा सापळा मात्र नक्की चावतो. झकास.

---

खतावणी

घेतला, अण्णा काका. जुन्या रकान्यात शंभर रुपयांचा फरक पडेल, म्हणजे करात २१ रुपयांच्या आसपास, तरी अंतिम उत्तर बदलतं. नव्या रकान्यात व्यवसाय कर येतच नाही, त्यामुळे तिथे कुणी वजा केलाय का हेही कळेल.

ठरवलं असं: एकच आडवा कागद, दोन रकाने घरभाडे भत्त्याच्या ओळीपासून फुटलेले, स्लॅबचं चार रकान्यांचं कोष्टक प्रत्येकाखाली वेगळं, आणि तळाशी एक्सेलवाल्यांचा ताळा. हिशेबनीस सर, तुमची शाई एकमेकांत जाऊ नये म्हणून मधे जाड रेघ मारते. प्रश्नाच्या डोक्यावर "दोन्ही प्रणालींनी काढा" हे स्पष्ट लिहिणार.

कलमांचे नंबर घालू की नुसती नावं? १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, तिथे नंबर सगळे वेगळे.

---

सरळव्याज

हे उदाहरण २०२५-२६च्या उत्पन्नाचं आहे, त्याला १९६१चाच कायदा. नंबर घाला. पुढच्या बॅचला "आकारणी वर्ष" जाऊन "कर वर्ष" येईल, तेव्हा डोक्याची ओळही बदलावी लागेल.

---

एक्सेलवाला

आडव्या ए४ वर शीट करून देतो. सूत्रं लपवून, मुलांसाठी रकाने कोरे. उद्या दुपारपर्यंत टाकतो.

---

झोलर_पण_प्रेमळ

जाड रेघेच्या उजवीकडे पामररावांचा फोटो लावा, शून्य लिहिण्याआधी मुलं थांबतील.